दहा टक्क्यांचं खूळ

"दहावालं द्या न भाऊ. पाचवालं कायले घेऊ? भाव तं जवळजवळ सारकाच आहे."

वलगावात मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहणाऱ्या माणसाला हा युक्तिवाद आता पाठ झाला आहे. बोलणारी कधी रोज अमरावतीला कॉलेजात जाणारी मुलगी असते, कधी तिची आई, कधी लग्न ठरलेला मुलगा. मागणी एकच, नायसिनामाइडचं सीरम आणि तेही दहा टक्क्यांचं. गालावर पुटकुळ्यांचे काळे डाग असतात, कपाळ उन्हानं करपलेलं असतं, नाक तेलकट असतं. बाटलीवरचा मोठा आकडा या सगळ्यावरचा उपाय वाटतो.

वरवर पाहता हा युक्तिवाद बिनतोड आहे. त्याच पैशात दुप्पट औषध मिळत असेल तर निम्मं कोण घेईल? त्याच्या मागोमाग दुसरं वाक्य येतं, थोडं चुणचुणलं म्हणजे लागू पडतंय. आणि तिसरी एक ताकीद तर मोबाइलवर ऐकून प्रत्येकाला तोंडपाठ झालेली आहे, की व्हिटॅमिन सीबरोबर हे अजिबात लावायचं नाही, त्याचं विष होतं. माझा या तिन्ही गोष्टींना विरोध आहे. तिसरीला जरा जास्त आहे, कारण तिच्या आडून एक खराखुरा धोका सगळ्यांच्या नजरेतून निसटतो.

आधी आकड्याचं पाहू. नायसिनामाइडची सगळी पत ज्या अभ्यासांवर उभी आहे, त्यांत किती टक्के वापरले होते? २००२ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ डर्मेटॉलॉजी'मध्ये हाकोझाकी आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. डागांसाठी या द्रव्याचा बोलबाला झाला तो मुख्यतः या निबंधामुळे. त्यांनी जपानी स्त्रियांच्या चेहऱ्यावरच्या तपकिरी डागांवर ५ टक्क्यांचं क्रीम वापरलं. उन्हानं काळवंडलेल्या चेहऱ्यांवर २ टक्के नायसिनामाइड आणि सोबत सनस्क्रीन वापरलं. मुरुमांसाठी १९९५ साली शलिता यांच्या गटानं ४ टक्क्यांचं जेल १ टक्का क्लिंडामायसिनच्या जेलशी ताडून पाहिलं आणि आठ आठवड्यांनी ते त्याच्या तोडीस तोड ठरलं. क्लिंडामायसिनचं जेल आमच्याकडे पुटकुळ्यांवर सर्रास मागितलं जातं, म्हणून ही तुलना मला महत्त्वाची वाटते. वांगावर मेक्सिकोत झालेल्या २०११ च्या छोट्या चाचणीत चेहऱ्याच्या एका बाजूला ४ टक्के नायसिनामाइड आणि दुसऱ्या बाजूला ४ टक्के हायड्रोक्विनोन लावलं होतं. हायड्रोक्विनोन थोडं पुढे राहिलं, पण त्रासही त्याचाच जास्त झाला. चेहऱ्यावरचं तेल कमी झाल्याचं दिसलं ते तर २ टक्क्यांवरच.

यात दहा कुठे आहे? कुठेच नाही. दहाचा आकडा घराघरात पोहोचला तो २०१६ नंतर. टोरांटोच्या 'द ऑर्डिनरी'नं १० टक्के नायसिनामाइड आणि १ टक्का झिंक असं सीरम स्वस्तात आणलं, ते जगभर खपलं आणि आपल्याकडच्या कंपन्यांनी तोच आकडा उचलला. ती बाटली वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण तो आकडा दुकानात आधी आला, त्याच्या बाजूचा तसा पुरावा मात्र मागून आलेला नाही.

यावर चाणाक्ष गिऱ्हाईक म्हणेल, दहावर अभ्यास नाही म्हणजे दहा निरुपयोगी, असं थोडंच आहे? बरोबर आहे. पण मग दुप्पट आकडा विकणाऱ्यानं दुप्पट फायदा दाखवायला हवा, आणि घेणाऱ्यानं निदान तोटा तरी मोजायला हवा. फवारणीच्या पंपात सांगितलेल्या मात्रेच्या दुप्पट औषध टाकलं तर अळी दुप्पट मरत नाही, पऱ्हाटी मात्र करपते, हे वलगावच्या शेतकऱ्याला मी सांगायची गरज नाही. त्याच घरातल्या पोरीला ते सीरमच्या बाबतीत सांगावं लागतं.

"व्हिटॅमिनच तर आहे, जास्त झालं तर काय बिघडतं?" हाही एक प्रश्न येतो. नायसिनामाइड हे ब-३ जीवनसत्त्वाचं एक रूप आहे, हे खरं. त्या जीवनसत्त्वाची खरी कमतरता आपल्या दख्खननं पाहिलेली आहे. ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या गरीब लोकांत पेलाग्रा दिसायचा, उघड्या त्वचेवर काळे खरबरीत चट्टे उठायचे. हैदराबादच्या गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये त्याचा संबंध ज्वारीतल्या ल्युसिनशी जोडला. त्या आजारात जीवनसत्त्व पोटात घ्यावं लागतं आणि कमतरता भरून काढावी लागते. आज सीरम मागणाऱ्या मुलीच्या गालाला कसलीही कमतरता नसते. इथे हे द्रव्य वेगळं काम करतं. त्वचेच्या तळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या रंगाच्या बारीक पुड्या वरच्या पेशींकडे पाठवतात, आणि ही पाठवणी नायसिनामाइड मंदावतं. रंग तयार होणं थांबत नाही, पाठवणीही पूर्ण थांबत नाही, आणि लावणं सोडलं की ती पूर्ववत होते. म्हणून आठ दिवसांत गोरं होण्याचा प्रश्नच येत नाही. वरची त्वचा बदलायलाच महिनाभर लागतो. फरक पडतोय की नाही हे ठरवायला आठ आठवडे द्यावे लागतात, मग बाटली पाचची असो की दहाची.

आता तोट्याचा हिशेब. आपल्या सावळ्या त्वचेचा एक स्वभाव आहे. तिला जिथे जिथे दाह होतो तिथे बरं होताना ती काळा डाग ठेवून जाते. पुटकुळी फुटली, डाग. डास चावला, डाग. क्रीमनं आग झाली, तरीही डाग. गोऱ्या कातडीच्या देशात सीरम चुणचुणलं तर चार दिवस लाली राहते आणि जाते, इथे ती लाली तीन महिन्यांचा काळेपणा होऊन बसू शकते. म्हणून "चुणचुणतंय म्हणजे लागू पडतंय" हे वाक्य मला सर्वांत घातक वाटतं. नायसिनामाइडच्या कामात चुणचुणणं येतच नाही. डाग घालवायला आणलेल्या बाटलीनं नवे डाग पाडायचे, हा कुठला व्यवहार?

त्रास होतोय तो कशामुळे, हे थोडं लक्ष दिलं तर कळतं. लावल्यावर पाच-दहा मिनिटांत चेहरा लाल आणि गरम झाला आणि तासाभरात निवला, तर त्यामागे बहुधा निकोटिनिक आम्ल असतं. कच्च्या मालात ते अंशमात्र राहून जातं, आणि रक्तवाहिन्या फुगवणं हा त्याचा गुणधर्मच आहे. माल तोच असेल तर दहा टक्क्यांच्या बाटलीत ही अशुद्धीही पाचच्या दुप्पट जाते, हे जाहिरातीत येत नाही. चेहरा दिवसेंदिवस ताणल्यासारखा, कोरडा वाटू लागला, साधं पाणीही झोंबू लागलं, तर त्वचेचं वरचं कवच दुखावलं आहे. तेव्हा सगळं थांबवून दोन आठवडे साधं मॉइश्चरायझर लावावं. बारीक खाजऱ्या पुळ्या उठल्या तर ॲलर्जीचा संशय घ्यावा आणि ती बाटली पुन्हा उघडू नये. काहीजणी म्हणतात, आतली घाण बाहेर पडतेय. रेटिनॉइडनं सुरुवातीला पुटकुळ्या वाढतात ते खरं आहे, कारण ते पेशींची उलाढाल वाढवतं. नायसिनामाइड तसं काही करत नाही, त्यामुळे ती सबब इथे चालत नाही.

आणि मुळात चेहऱ्यावर जातं किती? एका मुलीनं तिची पिशवीच काउंटरवर रिकामी केली, तेव्हा आम्ही बसून हिशेब केला. दहा टक्क्यांच्या सीरमचे सहा थेंब म्हणजे साधारण ०.३ मिली, त्यात ३० मिलिग्रॅम नायसिनामाइड. तिच्या मॉइश्चरायझरवर ४ टक्के लिहिलेलं होतं. एक ग्रॅम लावलं तर ४० मिलिग्रॅम. सनस्क्रीनवर ३ टक्के. तेही एक ग्रॅम धरलं तर ३० मिलिग्रॅम. एकूण शंभर. सीरम दहाऐवजी पाचचं घेतलं असतं तर पंच्याऐंशी, आणि सीरम नसतंच तरी सत्तर. जिच्या आकड्यासाठी एवढा हट्ट ती बाटली तिच्या रोजच्या मालातला तिसरा हिस्सासुद्धा पुरवत नव्हती. हा हिशेब ढोबळ आहे. प्रत्येक क्रीममधून द्रव्य सारखंच आत जात नाही. फेसवॉशमधलं तर मी धरलंच नाही, ते धुऊन जातं. तरी खरेदीआधी घरातल्या डब्यांची लेबलं वाचावीत, इतकं त्यातून नक्की कळतं.

माझा कौल असा. त्वचा कोरडी किंवा हळवी असेल, किंवा हे द्रव्य पहिल्यांदाच लावायचं असेल, तर २ टक्क्यांचं क्रीम पुरे, वेगळं सीरम नको. पुटकुळ्यांचे डाग आणि तेलकटपणा असेल तर ४ ते ५ टक्के. दहा टक्के फक्त त्यांनी घ्यावं ज्यांची त्वचा जाड-तेलकट आहे, ज्यांच्या बाकी कुठल्या डब्यात हे द्रव्य नाही, आणि पाचची बाटली ज्यांनी आठ आठवडे विनातक्रार लावून पाहिली आहे. दहाची बाटली आधीच आणली असेल तर फेकू नका. तळहातावर तीन थेंब सीरम आणि तेवढंच साधं मॉइश्चरायझर एकत्र करून लावा, पाचच्या आसपासचं झालं. सनस्क्रीनमध्ये मात्र मिसळू नका, त्याचा थर बिघडतो. जाड सीरमवर लगेच सनस्क्रीन चोळलं की रबराच्या चुऱ्यासारख्या गोळ्या निघतात आणि त्या गोळ्यांबरोबर सनस्क्रीनही निघून जातं, म्हणून मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या.

आता जोडीदार कोण, याकडे येऊ. व्हिटॅमिन सीवरच्या बहिष्काराचं मूळ जुन्या प्रयोगशाळेत आहे. नायसिनामाइड आणि शुद्ध ॲस्कॉर्बिक आम्ल पाण्यात एकत्र आले की पिवळसर संयुग बनतं, आणि आम्लात भरपूर उष्णता व वेळ मिळाला तर नायसिनामाइडचं विघटन होऊन तेच लाली आणणारं निकोटिनिक आम्ल तयार होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण त्यासाठी लागणारी उष्णता आणि वेळ तुमच्या गालावर नसतो. चेहऱ्यावर दोन्ही थर काही मिनिटांत सुकतात. विष वगैरे काही होत नाही. उलट व्हिटॅमिन सी रंग तयार होण्याच्या टप्प्यावर काम करतं आणि नायसिनामाइड तो पुढे पाठवण्याच्या टप्प्यावर, म्हणजे जोडी कामाची आहे. ॲझेलाइक आम्लाचंही तेच. अडचण एवढीच, की शुद्ध व्हिटॅमिन सीचं सीरम बरंच आम्लधर्मी असतं आणि स्वतःच झोंबतं. म्हणून सकाळी ते आणि रात्री नायसिनामाइड असं लावलं तर बरं, आणि कोणामुळे झोंबतंय हेही कळतं.

खरी भीती बाळगायची ती बाटलीतल्या व्हिटॅमिन सीची. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात असताना टिनाच्या खोलीत खिडकीशी ठेवलेलं ते सीरम चहाच्या रंगाचं होतं. तसं झालं की टाकून द्या. नायसिनामाइड त्या मानानं चिवट आहे, थंड कपाटात ठेवलं तरी पुरतं.

रेटिनॉल किंवा ॲडापॅलीन लावणाऱ्यांना तर नायसिनामाइड सोबतीला हवंच, कारण ते त्वचेचं कवच सावरतं आणि रेटिनॉइडची कोरड सोसवते. रात्री आधी नायसिनामाइडवालं मॉइश्चरायझर, त्यावर वाटाण्याएवढं ॲडापॅलीन, आठवड्यातून तीनदा. दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल तर रेटिनॉइड बंद. ग्लायकोलिक किंवा सॅलिसिलिक आम्ल वेगळ्या रात्री लावा. एकत्र लावल्यानं काही फुटत नाही, पण एकाच रात्री तीन तेज गोष्टी लावण्याचं कारणही नाही.

आणि सगळ्यांत वर सनस्क्रीन. २००२ च्या त्या अभ्यासात २ टक्के नायसिनामाइड सनस्क्रीनसोबत दिलं होतं, हे सोयीस्करपणे विसरलं जातं. स्कूटीवर चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळून अमरावती गाठणाऱ्या मुलींना वाटतं, ऊन लागतच नाही. पातळ स्कार्फमधून ऊन येतं, आणि डोळ्यांभोवतीचा पट्टा उघडाच असतो. दोन बोटांच्या लांबीएवढं सनस्क्रीन लावायचं सोडून सीरमचा टक्का वाढवणं म्हणजे पैसे पाण्यात.

इथपर्यंत कुणाचं फारसं नुकसान होत नाही, थोडे पैसे आणि थोडे डाग. पण "व्हिटॅमिन सी चालेल का" असं दहा वेळा विचारणारी मुलगी घरातल्या दुसऱ्या दोन डब्यांबद्दल कधीच विचारत नाही, आणि सगळी चर्चा चुकते ती इथे. पहिली डबी गोरं करणाऱ्या मिश्र क्रीमची. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन हे स्टेरॉइड, तिन्ही एकत्र. वांगावर डॉक्टर काही आठवडे देतात ते ठीक. पण ती मैत्रिणीच्या सांगण्यावरून वर्षानुवर्षं लावली जाते. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं त्वचेवर लावायची चौदा स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. चिठ्ठी न पाहता ट्यूब देणारे आमच्याच धंद्यातले लोक आहेत, हे मी लपवणार नाही. स्टेरॉइडनं त्वचा पातळ होते, गालावर लाल रेषा दिसतात, हनुवटीवर लव वाढते, आणि क्रीम बंद केलं की आग होते. अशा चेहऱ्यावर २ टक्के नायसिनामाइडसुद्धा झोंबतं. मग दोष सीरमला जातो आणि ट्यूब पुन्हा उघडते. अशी ट्यूब वापरात असेल तर सीरमचा विचार बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. मनानं एकदम बंद करू नका.

दुसरी डबी त्याहून वाईट. २०२३ मध्ये अकोल्यातल्या एकाच कुटुंबातल्या तिघींची हकीकत वर्तमानपत्रांत आली होती. ब्युटीपार्लरमधून घेतलेलं उजळ करणारं क्रीम त्या लावत होत्या आणि तिघींच्याही किडन्या बिघडल्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी माग काढला, क्रीम तपासलं, तेव्हा त्यात पारा निघाला. पारा रंग तयार होणंच रोखतो, म्हणूनच आठवड्याभरात चेहरा उजळतो आणि नायसिनामाइड त्याच्यापुढे फिकं वाटतं. तो कातडीतून रक्तात आणि रक्तातून किडनीत जातो. आपल्या कायद्यानं सौंदर्यप्रसाधनात पारा वापरायला बंदी आहे, नकळत राहिलेलाही बहुतेक प्रसाधनांत दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही. पण बिनलेबलाच्या डबीला कायदा कोण विचारतो? त्यावर घटकांची यादी नसते, उत्पादकाचा पत्ता आणि परवाना क्रमांक नसतो. कधी कधी सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका अशी सूचना असते, ती तर पाऱ्याची चुगलीच आहे.

अकोला आपल्यापासून दूर नाही आणि पार्लरं वलगावातही आहेत. तेव्हा पाच की दहा हा वाद घालण्याआधी घरातली ती बिनलेबलाची डबी शोधा. सापडली तर लावणं आजच थांबवा, पण डबी फेकू नका. पायावर सूज येत असेल, लघवीला फेस येत असेल तर ती डबी घेऊनच डॉक्टरकडे जा आणि लघवी तपासून घ्या. नसेल काही त्रास, तरी अमरावतीच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात ती दाखवून तक्रार नोंदवा. अकोल्याच्या तिघींचं निदान डबी हाती होती म्हणूनच पाऱ्यापर्यंत पोहोचलं.